मांडवातला भटजी आणि यजमानाची सही

"चालू अर्जात एजंट बदलणं म्हणजे मांडवात भटजी बदलण्यासारखं आहे," असं आमच्या व्यवसायातल्या एका ज्येष्ठांनी छोट्या उद्योजकांच्या मेळाव्यात सांगितलं आणि सभागृह हसलं. मी मागच्या रांगेत होतो. मला हसू आलं नाही, कारण त्या हशाच्या आडून त्यांनी आणखी दोन वाक्यं पुढे सरकवली. पहिलं असं, की जुन्या एजंटाची 'एनओसी' असल्याशिवाय नवा एजंट फाइलला हातच लावू शकत नाही. दुसरं असं, की फी बाकी असेल तर फाइल अडवून ठेवणं हा एजंटाचा हक्क आहे. समोर बसलेल्या मसालेवाल्या, उदबत्तीवाल्या, पापडवाल्या मंडळींनी ही दोन्ही वाक्यं मान डोलावत वहीत उतरवून घेतली.

मी शनिवार पेठेत बसून हाच धंदा करतो. म्हणजे ज्या हक्काची ही भाषा चालली आहे, तो खरा असेल तर त्याचा फायदा मलाही आहेच. तरीही लिहितोय, कारण दोन्ही वाक्यं चुकीची आहेत आणि भटजीचा दृष्टांत तर बोलणाऱ्यावरच उलटणारा आहे. मांडवात संकल्प कोणाचा असतो? यजमानाचा. पाणी यजमानाच्या हातून सुटतं. गुरुजी मंत्र सांगतात, पण कार्य यजमानाचं. गुरुजींना मध्येच ताप भरला तर दुसरे गुरुजी येतात, राहिलेल्या विधीपासून पुढे चालू करतात, आणि लग्न मोडत नाही. पहिल्या गुरुजींची लेखी ना-हरकत आणा, असं वधूपिता कोणाला म्हणत नाही.

ट्रेडमार्क कायदा, १९९९ याचं कलम १४५ एवढंच सांगतं की शपथपत्र सोडून निबंधकापुढची बाकीची कामं अर्जदाराऐवजी त्याने रीतसर अधिकार दिलेला माणूस करू शकतो. हा माणूस वकील असेल, नोंदणीकृत ट्रेडमार्क एजंट असेल, किंवा अर्जदाराच्याच पूर्णवेळ नोकरीतला कोणी. शब्द 'करू शकतो' असा आहे. एजंट नेमलाच पाहिजे असं कलमात कुठेही नाही. अर्ज अर्जदाराच्या नावावर, हक्क अर्जदाराचा, एजंटाकडे आहे तो फक्त उसना अधिकार, आणि तोही एका सहीवर दिलेला.

ती सही ज्या कागदावर होते त्याला आम्ही अजूनही 'टीएम-४८' म्हणतो. २०१७ च्या नियमांनी सगळ्या फॉर्मांची नावं बदलली आणि अधिकारपत्र आता टीएम-एम या फॉर्मखाली जातं, पण जुना मसुदाच सगळे वापरतात. तो मसुदा वाचा, एका पानाचाही नाही. त्यात एजंटाचं नाव येतं, सगळी नोटीस-टपाल त्याच्या पत्त्यावर पाठवावं अशी विनंती येते, आणि शेवटाकडे एक वाक्य येतं की याच कामाबाबत आधी कोणाला अधिकार दिले असतील तर ते मी रद्द करतो. पेटंटच्या बाजूला फॉर्म २६ आहे. त्याच्या छापील मजकुरातही हेच वाक्य आहे. म्हणजे नव्या माणसाच्या नावाने सही केली की त्याच शाईने जुन्याचा अधिकार काढून घेतला जातो. 'जुन्या एजंटाची संमती' यासाठी त्या कागदावर रकानाच नाही. आमचे ज्येष्ठ तीस वर्षं हा कागद गिऱ्हाइकांकडून सही करून घेत आले आहेत. त्यांनी तो वाचलेला नाही असं मी म्हणणार नाही. वाचलेला आहे, म्हणूनच त्यातलं ते वाक्य व्याख्यानात आलं नाही.

मग ही एनओसी आली कुठून? कोर्टातून. एका पक्षकाराचं वकीलपत्र आधीच दाखल असताना दुसऱ्या वकिलाने त्याच्या संमतीशिवाय उभं राहू नये, असा बार कौन्सिलचा शिष्टाचाराचा नियम आहे. त्याच नियमात पुढे हेही आहे की संमती मिळत नसेल तर कारण सांगून कोर्टाची परवानगी घ्यावी. नियम वकिलांचा, वकिलांसाठी आणि कोर्टापुरता. ट्रेडमार्क एजंटांपैकी बरेचजण वकील आहेत, त्यामुळे ती रीत त्यांच्या कोटाच्या खिशातून आमच्या धंद्यात आली. व्यवसायबंधू म्हणून मी जुन्या एजंटाला फोन करतो, करावाही. पण सौजन्याच्या फोनला कायद्याची अट म्हणून गिऱ्हाइकापुढे ठेवलं, की त्याचं कुलूप होतं आणि किल्ली नेमकी त्या माणसाकडे राहते ज्याच्यापासून गिऱ्हाइकाला सुटायचं आहे.

आता एक प्रत्यक्षातली गोष्ट. नावं सांगत नाही, तारखा सांगतो.

मेहुणपुऱ्यातल्या एक काकू गोडा मसाला आणि मेतकूट करतात. २००९ पासून स्वतःच्या नावाने, स्वतःच्या लेबलखाली. २०२२ मध्ये त्यांनी एका एजंटाकडून वर्ग ३० मध्ये अर्ज केला. व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्ज असल्यामुळे सरकारी फी साडेचार हजार रुपये. परीक्षण अहवालावर हरकत आली, तिला एजंटाने व्यवस्थित उत्तर दिलं (हे सांगायलाच हवं, काम चांगलं होतं), आणि अर्ज जर्नलमध्ये जाहीर झाला. जाहीर झाल्यापासून चार महिने कोणालाही विरोध नोंदवता येतो. तसा एका कंपनीने नोंदवला. मग शांतता.

पुढच्या वर्षी ११ एप्रिलला काकू माझ्याकडे आल्या. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत एक पुठ्ठ्याची फाइल, तिच्यात अर्जाच्या पावतीची झेरॉक्स आणि दिवाळीचं भेटकार्ड. भाच्याने मोबाइलवर अर्जाचा क्रमांक टाकून पाहिलं होतं आणि 'Opposed' असा शब्द दिसला होता. "म्हणजे गेलं का हो?" त्यांनी विचारलं. एजंटांना त्यांनी फोन केला होता. ते म्हणाले होते, मी सांगणारच होतो, आधीचे सहा हजार बाकी आहेत ते द्या आणि विरोधाच्या कामाचे पंचवीस हजार आगाऊ भरा, मग बघू.

मी क्रमांक टाकून कागद उघडले. विरोधाची नोटीस ३ मार्चला ई-मेलने गेली होती. ती मिळाल्यापासून दोन महिन्यांत 'काउंटर स्टेटमेंट' द्यावं लागतं. दिलं नाही तर कलम २१ नुसार अर्ज सोडून दिला असं मानलं जातं, आणि या दोन महिन्यांना मुदतवाढ नाही. म्हणजे ३ मेची कडा, हातात बावीस दिवस. अधिक वाईट गोष्ट मूळ अर्जात निघाली. त्यात अर्जदाराचा ई-मेल आणि अर्जदाराचा मोबाइल असे वेगळे रकाने असतात. दोन्हींत एजंटाचाच पत्ता आणि एजंटाचाच नंबर होता. काकूंपर्यंत काहीही पोचण्याची वाटच त्या फॉर्ममध्ये नव्हती. ज्यांचा अर्ज चालू आहे त्यांनी एकदा आपल्या अर्जाची प्रत काढून फक्त हे दोन रकाने पाहावेत. बाकी काही वाचलं नाही तरी चालेल.

इथे आमच्या ज्येष्ठांच्या इशाऱ्यातला अर्धा खरा भाग येतो, आणि तो मी झाकणार नाही. चालू अर्जात एजंट बदलताना अर्ज मरू शकतो. मरतो तो बदलण्यामुळे नाही. अर्धवट बदलण्यामुळे मरतो.

२०१७ च्या नियमांतला नियम १९ म्हणतो की एकदा अधिकारपत्र दिलं की एजंटाला बजावलेला कागद अर्जदारालाच बजावला असं समजलं जाईल. पेटंट नियमांतला नियम १३५ तेच म्हणतो. याला भारतीय करार कायद्याचं कलम २०८ जोडून वाचा. अधिकार काढून घेणं एजंटाच्या बाबतीत लागू होतं ते त्याला कळल्यावर, आणि तिऱ्हाइताच्या बाबतीत लागू होतं ते त्या तिऱ्हाइताला कळल्यावर. आपल्या गोष्टीतला तिऱ्हाईत म्हणजे मुंबईत अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनातलं निबंधकाचं कार्यालय. काकूंनी रागाच्या भरात एजंटाला व्हॉट्सअॅपवर 'आजपासून आमचं काम थांबवा' असं लिहिलं असतं तर काय झालं असतं? एजंट थांबला असता, त्याला तसं सांगितलंच होतं. कार्यालयाला काहीच कळलं नसतं, ते नोटिसा त्याच पत्त्यावर पाठवत राहिलं असतं. पत्ता जिवंत, माणूस निवृत्त. प्रत्येक नोटीस काकूंना 'मिळालेली' धरली गेली असती आणि एकही मिळाली नसती. माझ्या टेबलावर आलेल्या मेलेल्या अर्जांत या प्रकारचे अर्ज सगळ्यांत जास्त आहेत.

म्हणून क्रम महत्त्वाचा. लोक उलटा क्रम धरतात. आधी जुन्याशी भांडण, मग एनओसीसाठी आर्जवं, मग फाइल, मग नवा माणूस, आणि शेवटी कार्यालय. आम्ही शेवटून सुरुवात केली.

११ एप्रिललाच कार्यालयाच्या वेबसाइटवरून त्या क्रमांकाखालचे सगळे कागद उतरवून घेतले. मूळ अर्ज, परीक्षण अहवाल, त्याला दिलेलं उत्तर, जर्नलचं पान, विरोधाची नोटीस. २००९ पासून वापर आहे असा दावा अर्जात असल्याने त्यासोबत वापराचं शपथपत्र आणि जुन्या बिलांच्या प्रती जोडाव्या लागल्या होत्या. त्या स्कॅन प्रतीही तिथेच होत्या. ज्या 'फाइल'साठी एजंट एकतीस हजार मागत होता तिचा मोठा भाग कोणालाही फुकट पाहता येईल असा सरकारी वेबसाइटवर पडलेला होता. पेठेतल्या जुन्या माणसांना 'कागद गेले' म्हटलं की अजून पानशेत आठवतं. १९६१ च्या त्या पुरात नदीकाठच्या घरांतल्या दस्तांचा खरोखर लगदा झाला होता. आज अर्जाचे कागद एजंटाच्या कपाटात अडकलेत असं कोणी म्हणालं, तर आधी क्रमांक टाकून बघावं.

१२ तारखेला काकूंनी मुद्रांकावर नव्या अधिकारपत्रावर सही केली. १३ तारखेला टीएम-एम ऑनलाइन दाखल झाला. त्यात दोन विनंत्या होत्या. नवं अधिकारपत्र नोंदीवर घ्या, आणि पत्रव्यवहाराचा पत्ता, ई-मेल, मोबाइल बदला. अर्जदाराच्या रकान्यात या वेळी काकूंचा स्वतःचा ई-मेल टाकला. भाच्याने तो त्याच दिवशी उघडून दिला होता. पावती आली आणि मगच, त्या संध्याकाळी, जुन्या एजंटाला पत्र गेलं. ई-मेलने गेलं आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टनेही, कारण त्याला कळल्याची तारीख पुढे वादाची ठरू शकते. मजकूर काकूंच्याच शब्दांत, थोडा घासून:

"स. न. अर्ज क्रमांक अमुक याबाबत आपल्याला दिलेला अधिकार मी आजपासून काढून घेत आहे. नवे अधिकारपत्र निबंधकांकडे दाखल केले आहे, पावती सोबत आहे. यापुढे या अर्जात माझ्या वतीने कोणताही कागद दाखल करू नये, कोणत्याही सुनावणीस उभे राहू नये. मात्र निबंधकांच्या नोंदीत बदल होईपर्यंत आपल्याकडे येणारी प्रत्येक नोटीस आली त्याच दिवशी खालील ई-मेलवर पाठवावी. मूळ बिले, मूळ शपथपत्र व विरोधकांशी झालेला पत्रव्यवहार सात दिवसांत द्यावा. आजवरच्या कामाचा तपशीलवार हिशेब पाठवावा, रास्त बाकी मी देईन. आपण हरकतीला दिलेल्या उत्तराबद्दल आभारी आहे."

या पत्रातलं 'मात्र'पासूनचं वाक्य सगळ्यांत मोलाचं. काम थांबवा, पण टपाल थांबवू नका. साधी 'काम बंद'ची पत्रं मी पुष्कळ पाहिली आहेत आणि हे वाक्य त्यांत जवळजवळ कधीच नसतं. कार्यालयाच्या नोंदीत नाव बदलायला वेळ लागतो, काकूंच्या बाबतीत कित्येक आठवडे लागले, आणि तोवर मेल जुन्याच पेटीत पडत राहते. हिशेब मागणं ही मेहेरबानी नाही. मागितल्यावर हिशेब देणं एजंटावर करार कायद्याच्या कलम २१३ ने बंधनकारक आहे. आभाराचं वाक्य काकूंनी आग्रहाने घातलं. मी काढा म्हणालो होतो, त्यांचं बरोबर होतं.

नाव बदलण्याची वाट पाहत बसलो नाही. २८ एप्रिलला टीएम-ओ फॉर्ममध्ये काउंटर स्टेटमेंट दाखल केलं. सरकारी फी २,७०० रुपये, सोबत अधिकारपत्राची प्रत. त्यावर खरेपणाची सही काकूंची. मूळ बिलं अजून एजंटाकडेच होती, पण या टप्प्याला ती लागत नाहीत. इथे लागतात ती विधानं. आम्ही काय मान्य करतो, काय नाकारतो, कधीपासून वापरतो. पुरावा पुढे येतो, आधी विरोधकाचा आणि त्यानंतर आपला, आपल्याला दोन महिने. कोणता कागद कोणत्या टप्प्याला लागतो हे माहीत नसलेल्या माणसाला फाइल अडवण्याची धमकी जीवघेणी वाटते. माहीत असेल तर कळतं की धमकीला अजून निदान दोन-तीन महिने दात नाहीत.

अडवण्याच्या हक्कापाशी येतो, कारण आमच्या ज्येष्ठांचं सगळ्यांत ठाम वाक्य ते होतं.

मध्य प्रदेश राज्य सहकारी बँकेने १९९३ मध्ये आपल्या कायदा सल्लागार वकिलाला दूर केलं आणि सगळ्या प्रकरणांच्या फाइली परत मागितल्या. वकिलाने उलट ९७,१०० रुपयांचं बिल पाठवलं आणि ते फिटेपर्यंत फाइली देणार नाही म्हणाला. बार कौन्सिलने त्याला अठरा महिने सनदीबाहेर ठेवलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ऑगस्ट २००० मध्ये, आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या निकालात, न्यायालयाने स्वच्छ सांगितलं की फीच्या बाकीपोटी पक्षकाराच्या फाइली अडवण्याचा हक्क वकिलाला नाही, आणि अडवणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. मुद्दा तोवर स्पष्ट झालेला नव्हता म्हणून शिक्षा कमी करून ताकीद दिली. वकिलाचा आधार होता करार कायद्याचं कलम १७१. त्यात बँकर, उच्च न्यायालयाचे अॅटर्नी वगैरे मोजक्या मंडळींना ताब्यात दिलेला माल बाकीपोटी धरून ठेवता येतो. न्यायालय म्हणालं, फाइल म्हणजे माल नव्हे. तिला बाजारात किंमत नाही, ती विकून फी वसूल करता येत नाही. धरून ठेवण्याने एकच गोष्ट साधते, पक्षकाराची कोंडी. फी हवी असेल तर दावा लावा.

म्हणजे एजंट वकील असेल तर प्रश्न पंचवीस वर्षांपूर्वी संपला आहे. वकील नसलेल्या एजंटाचं काय? इथे समोरच्या बाजूचा खरा मुद्दा आहे, आणि ज्येष्ठांनी तो मांडला नाही म्हणून मीच मांडतो. करार कायद्याचं कलम २२१ सांगतं की वेगळा करार नसेल तर एजंटाला त्याच्या कामाचे पैसे मिळेपर्यंत मालकाच्या त्याच्याकडे आलेल्या वस्तू धरून ठेवता येतात. त्या यादीत 'कागद' हा शब्द चक्क आहे. सक्सेना निकाल वकिलांबद्दल आहे, आपल्याला लागू नाही, असं एखादा ट्रेडमार्क एजंट म्हणाला तर त्याला उडवून लावता येणार नाही.

पण कलम नीट धरा. ते बोलतं मालकाच्या, एजंटाकडे आलेल्या कागदांबद्दल, आणि त्याच कामाच्या बाकीबद्दल. काकूंच्या प्रकरणात ते कलम फार तर त्यांनी दिलेल्या मूळ बिलांवर बसेल, आणि तेही हरकतीच्या कामाच्या सहा हजारांपुरतं. न केलेल्या विरोधाच्या कामाचे आगाऊ पंचवीस हजार त्यात येत नाहीत. कार्यालयाकडून अर्जदारासाठी आलेली नोटीस दाबून ठेवणं त्यात कसंही बसवता येत नाही. ती नोटीस कळवणं हेच तर त्याचं काम होतं. आणि काढून घेतलेला अधिकार हा कागदच नव्हे, तो धरून ठेवायचा तर कशात धरणार? एजंटाच्या हाती उरतो तो बिलांचा एक गठ्ठा आणि सहा हजारांचं येणं. ते येणं खरं होतं. काकूंनी हिशेबाची वाट न पाहता तेवढे पैसे चेकने पाठवले, आणि पाठवा असं मीच सांगितलं. बाकी फेडली की कलम २२१ चा पाय निघतो, आणि त्यानंतरही कागद धरून ठेवले तर मग त्याला दुसरं नाव आहे.

तक्रार करायची कुठे, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. वकील असेल तर राज्याची बार कौन्सिल आहे. पेटंट एजंट असेल तर पेटंट कायद्याच्या कलम १३० खाली गैरवर्तनासाठी त्याचं नाव नोंदवहीतून काढता येतं. पण वकिलांना जशी लेखी आचारसंहिता आहे तशी आम्हाला नव्हती, आणि २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला पेटंट आणि ट्रेडमार्क एजंटांसाठी ती तयार करा असं निबंधकांच्या खात्याला सांगावं लागलं. आमच्या धंद्याबद्दल हे फारसं भूषणावह नाही. व्याख्यानात हेही आलं नाही.

पेटंटच्या अर्जदारांना मात्र मी एक सावधगिरी जास्त सांगेन. ट्रेडमार्कचा अर्ज पहिल्यापासून सगळ्यांना दिसतो. पेटंटचा अर्ज साधारण अठरा महिने प्रसिद्धच होत नाही. त्या काळात तुमच्या तपशीलपत्राची दाखल झालेली प्रत, आकृत्या, परदेशातल्या अर्जांबद्दल दिलेली माहिती, यांतलं काहीही क्रमांक टाकून बाहेरून मिळत नाही. ते एजंटाच्या लॉगिनमध्ये आणि एजंटाच्या संगणकात. म्हणून तिथे अर्ज दाखल होईल त्याच दिवशी दाखल झालेल्या प्रत्येक पानाची प्रत मागून ठेवावी, संबंध गोड असताना. पहिल्या परीक्षण अहवालाला उत्तर द्यायला सहा महिने असतात, वेळेत अर्ज केला तर आणखी तीन. ती मुदत गेली की अर्ज सोडून दिला असं धरतात, आणि मग दार फक्त उच्च न्यायालयाचं. ते उघडतं, पण कोणासाठी? युरोपियन युनियनचे दोन अर्ज भारतीय एजंटाने उत्तर न दिल्याने असे बाद झाले होते. ३१ मे २०२२ ला न्यायमूर्ती प्रतिभा सिंग यांनी ते पुन्हा जिवंत केले, एजंटाच्या चुकीची शिक्षा अर्जदाराला नको म्हणून, पण अर्जदाराने पाठपुरावा सोडलेला नव्हता हे मेलांवरून दिसत होतं म्हणूनही. 'एजंटावर विश्वास होता' एवढंच सांगून गप्प बसलेल्या माणसाला तो निकाल आपोआप वाचवेल असं मी धरणार नाही.

आणि पुन्हा ट्रेडमार्ककडे येऊन, पेठेतून अमेरिकेत गेलेल्या आणि आईच्या नावाची चकली तिथून विकू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी. भारतात तुमचा धंद्याचा मुख्य पत्ता नसेल आणि तुम्ही एजंट काढलात, किंवा तो स्वतःहून बाजूला झाला, तर दोन महिन्यांत भारतातला पत्ता कळवावा लागतो. नाहीतर अर्ज सोडून दिला असं नियम १९ च म्हणतो. पेठेतल्या आत्याचा पत्ता चालतो. फक्त आत्याला सांगून ठेवा.

काकूंच्या मूळ बिलांचं शेवटी काय झालं ते राहिलं. चेक वटला, बिलं आली नाहीत. दोन स्मरणपत्रं गेली. मी तिसरं पत्र कडक लिहायला बसलो होतो तेव्हा काकू म्हणाल्या, "पहिली लेबलं ज्यांनी छापली ते अजून आहेत की." छापखाना दोन गल्ल्या सोडून. मालकांनी माळ्यावरून २००९ ची जॉबची वही काढली, धूळ झटकली, आणि दिवाळीआधीच्या एका पानावर बोट ठेवलं. काकूंचं नाव, 'मसाला लेबल, दोन रंग, हजार नग', आगाऊ दोनशे रुपये, आणि कोपऱ्यात पहिल्याच छपाईचं एक लेबल खळीने चिकटवलेलं. त्या पानाची प्रत आणि छापखान्याच्या मालकांचं शपथपत्र आमच्या पुराव्यात पहिल्या क्रमांकाला लागलं. बिलांचा गठ्ठा पुढे चार महिन्यांनी आला, आतलं एकही बिल न उघडता मी तो काकूंना तसाच दिला.